विश्लेषण : सहा जणांचे जेवण आणि यजमान स्वयंपाकघराबाहेर… हे कसे जमवायचे?

घरी पाहुणे जेवायला बोलावले की बहुतेक घरांत एक दृश्य हमखास दिसते. बाहेरच्या खोलीत गप्पा रंगलेल्या असतात आणि ज्या व्यक्तीने बोलावले ती कढईसमोर उभी असते. पाहुणे जेवून हात धुतात तेव्हा तिचा पहिला घास व्हायचा असतो. यामागे कामाचा उरक कमी असणे हे कारण क्वचितच असते. चूक मेन्यूत असते. ऐनवेळी करावे लागणारे पदार्थ निवडले की कोणीतरी गॅसजवळ अडकणारच. आदल्या दिवशी शिजवून ठेवता येईल, किंबहुना ठेवल्यावर अधिक चांगला लागेल असा मुख्य पदार्थ निवडला, तर हे टाळता येते. सहा जणांसाठी अशा एका मालवणी जेवणाचा संपूर्ण आराखडा…

मेन्यू काय आणि त्यात वडे का नाहीत?

समजा, शनिवारी रात्रीचे जेवण आहे. घरचे दोघे आणि चार पाहुणे. घरात दोन शेगड्यांचा गॅस, पाच लिटरचा कुकर आणि नेहमीच्या आकाराचा फ्रिज आहे. मेन्यू असा : सुरुवातीला सोलकढी, भाजलेले पापड आणि काकडीच्या चकत्या, मुख्य जेवणात मालवणी मटण, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, लादी पाव, कांदा-लिंबू, शेवटी धोंडस.

मालवणी मटण म्हटले की वडे हवेत, असे कोणीही म्हणेल. पण नेमके तेच यजमानाला अडकवतात. माणशी चार धरले तरी 24 वडे होतात. ते थापून, एकेक तळून गरम वाढायचे तर अर्धा-पाऊण तास कढईपासून हलता येत नाही. आयत्या वेळच्या भाकरीचेही तेच. म्हणून येथे रस्सा शोषणारा पाव आणि भात ठेवला आहे. वड्यांशिवाय चालणारच नसेल, तर ते बाहेरून करून आणावेत. मासे तळणे, कटलेट, भजी यांनाही याच कारणाने या मेन्यूत जागा नाही.

आमंत्रण देतानाच काय विचारायचे?

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ ‘शाकाहारी की मांसाहारी’ एवढ्यावर संपत नाही. एरवी मटण खाणारे अनेक जण सोमवार, गुरुवार किंवा शनिवार पाळतात. संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार हेही पाहावे लागतात. शिजवण्याचा दिवस आणि वाढण्याचा दिवस वेगळा असल्याने कॅलेंडर दोनदा पाहावे. शनिवारी वाढायचे तर शुक्रवारी शिजवणे आले. रविवारी वाढायचे तर घरात शनिवारी मटण शिजवलेले चालते का, हे आधी ठरवावे.

आपल्या उदाहरणात सहापैकी एक जण शनिवार पाळतो असे धरू. त्याच्यासाठी ऐनवेळी पनीर आणायची गरज नाही. काळ्या वाटाण्याची उसळ त्याच वाटणात होते, आदल्या दिवशी करता येते आणि मटण खाणारेही ती आवडीने घेतात. त्याला वेगळे ताट वाढल्यासारखे वाटत नाही. पाळणूक मात्र नीट सांभाळावी. वाटण मटणाला हात लावण्यापूर्वी वेगळे काढावे, उसळ आधी करून घ्यावी, डाव आणि झाकण वेगळे ठेवावे. कांदा-लसूण न खाणारा पाहुणा असेल तर हे वाटणच चालणार नाही. तेव्हा ही माहिती नारळ फोडण्यापूर्वी मिळालेली बरी.

आदल्या दिवशीचे मटण अधिक चवदार का लागते?

‘शिळं मटण जास्त छान लागतं’ हे घराघरांत म्हटले जाते आणि त्याला कारण आहे. हाडांजवळच्या आणि सांध्यांच्या मांसात चिवट तंतू असतात. ओलसर उष्णतेत ते हळूहळू विरघळतात आणि त्यांचे जिलेटिन होते. ते रश्शात उतरते. रस्सा गार झाला की त्याच्यामुळेच जेलीसारखा थरथरीत होतो आणि पुन्हा गरम केल्यावर जिभेवर दाट, भरलेला लागतो.

दुसरे कारण मसाल्याचे. मिरची, लवंग, दालचिनी यांचा रंग आणि सुगंध पाण्यापेक्षा तेला-चरबीत अधिक उतरतो. रात्रभर ठेवल्यावर मसाल्याचा ताजा, टोचणारा उग्रपणा बसतो. मीठही फोडींमध्ये सावकाश मुरते. ताज्या रश्शात मसाला वेगळा आणि मटण वेगळे लागते. दुसऱ्या दिवशी ते एकजीव लागतात.

हा फायदा मिळण्यासाठी तुकडे योग्य हवेत. नुसते बोनलेस मटण घेऊ नये. खांदा, गर्दन आणि थोड्या नळ्या मागाव्यात. मांडीचे मटण घेतले तर त्यात निदान एक तृतीयांश तरी खांदा-गर्दन असावी. पाच खाणाऱ्यांसाठी हाडासकट सव्वा किलो मटण पुरते, म्हणजे माणशी पाव किलो.

शुक्रवारी नेमके काय करायचे?

सगळा भार वाटणावर आहे. दीड नारळाचे खवलेले खोबरे, म्हणजे साधारण तीन वाट्या, आणि उभे चिरलेले पाच मध्यम कांदे घ्यावेत. थोड्या तेलात आधी कांदा तपकिरी करावा, तो काढून खोबरे मंद आचेवर खमंग तपकिरी होईपर्यंत भाजावे. येथे घाई करू नये. खोबरे पांढरट राहिले तर त्यात ओल राहते, रस्सा गोडसर होतो आणि टिकतही नाही. काळे पडले तर कडवटपणा येतो आणि तो कशानेही जात नाही. गार झाल्यावर थोडे पाणी घालून गंधासारखे बारीक वाटावे. त्याचा एक तृतीयांश भाग उसळीसाठी आधीच बाजूला काढावा.

मटण धुऊन, निथळून त्याला एक चमचा हळद, दोन चमचे मीठ आणि आले-लसूण-मिरची-कोथिंबिरीचे चार मोठे चमचे वाटण लावून फ्रिजमध्ये तासभर ठेवावे. कुकरमध्ये चार-पाच मोठे चमचे तेल तापवून तमालपत्र, चार लवंगा आणि दोन बारीक चिरलेले कांदे परतावेत. मटण घालून त्याला सुटलेले पाणी आटेपर्यंत, साधारण 10 ते 12 मिनिटे, परतत राहावे. मग चार मोठे चमचे मालवणी मसाला घालून मिनिटभर हलवावे आणि तीन वाट्या गरम पाणी ओतावे. एक शिट्टी झाली की आच मंद करून 15 मिनिटे ठेवावे. वाफ आपोआप जिरू द्यावी.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. एक फोड बोटांत दाबून पाहावी. ती थोड्या जोराने तुटली पाहिजे, पण हाडापासून आपोआप सुटता कामा नये. त्याच दिवशी खायचे मटण पूर्ण मऊ शिजवतात. उद्या वाढायचे मटण किंचित अलीकडे थांबवायचे असते. कारण वाटण घालून ते आणखी 10 मिनिटे उकळणार आहे आणि उद्या पुन्हा अर्धा तास तापणार आहे. आजच गळून पडणारे मटण उद्या रश्शात तंतू होऊन पसरते. उलट फोड रबरासारखी लागली, तर पुन्हा झाकण लावून मंद आचेवर पाच-सात मिनिटे द्यावीत. बोकडाच्या वयानुसार हा वेळ बदलतो, म्हणून शिट्ट्या मोजण्यापेक्षा फोड दाबून पाहणे भरवशाचे.

बटाटे मात्र आज घालू नयेत. रात्रभर रश्शात राहिलेला बटाटा मीठ आणि रस शोषतो, पिठूळ होतो आणि फुटून रस्सा गढूळ करतो. दोन-तीन बटाटे शनिवारी दुपारी वेगळे उकडून ठेवावेत.

उसळीसाठी दीड वाटी काळे वाटाणे गुरुवारी रात्रीच भिजत घालावे लागतात. 10-12 तास भिजल्याशिवाय ते नीट शिजत नाहीत. शुक्रवारी कुकरला पाच-सहा शिट्ट्या देऊन, फोडणीत कांदा आणि दीड चमचा मालवणी मसाला परतून, बाजूला काढलेले वाटण घालून ती 10 मिनिटे उकळावी. शेवटी दोन आमसुले. वाटाणा बोटांनी सहज चिरडला गेला पाहिजे. अर्धवट शिजलेला वाटाणा आमसूल पडल्यावर लवकर मऊ होत नाही, म्हणून आंबट नेहमी शेवटी.

गार करण्यात चूक कुठे होते?

आदल्या दिवशी शिजवण्याच्या पद्धतीत खरा धोका शिजवण्यात नाही, गार करण्यात आहे. शिजल्यावर कुकर तसाच ओट्यावर ठेवून ‘सकाळी फ्रिजमध्ये टाकू’ म्हटले जाते. पण अडीच-तीन लिटर दाट रस्सा झाकलेल्या कुकरमध्ये तासन् तास कोमट राहतो. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू वेगाने वाढतात. शिजवताना बहुतेक जंतू मरतात, मात्र काहींचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि कोमट रश्शात पुन्हा वाढू लागतात. मांसाच्या मोठ्या भांड्यातून होणाऱ्या अन्नविषबाधेचे हे नेहमीचे कारण. त्यातील काही जंतूंची विषे पुन्हा उकळूनही नष्ट होत नाहीत. शिवाय वास आणि चव ठीक असली म्हणजे अन्न सुरक्षित आहे, असे नाही.

उपाय सोपा आहे. वाटण घालून उकळलेले मटण लगेच दोन पसरट भांड्यांत काढावे. थराची खोली दोन इंचांपेक्षा जास्त नसावी. ही भांडी गार पाण्याने भरलेल्या परातीत ठेवावीत, पाण्यात बर्फ घालावा आणि अधूनमधून हलवावे. परातीतले पाणी कोमट झाले की बदलावे. पाऊण ते एक तासात भांडे हाताला गार लागते. मग ते फ्रिजमध्ये ठेवावे आणि पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकावे. शिजल्यापासून फ्रिजपर्यंतचा काळ दोन तासांच्या आत बसला पाहिजे. हे जमावे म्हणून संध्याकाळी सहालाच सुरुवात करावी. रात्री दहाला शिजवायला घेतले की थकव्यामुळे गार करण्याचा टप्पाच गाळला जातो.

वीज गेली तर फ्रिजचे दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास पुरेसा थंड राहतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल आणि रस्सा कोमट झाला असेल, तर तो पाहुण्यांना वाढण्याचा धोका पत्करू नये.

सकाळी झाकण काढल्यावर वर लालसर घट्ट थर आणि खाली जेली दिसते. अनेकांना ते बिघडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती गोठलेली चरबी आणि जिलेटिन असते. चरबी जास्त वाटली तर चमच्याने थोडी काढता येते. सगळी काढू नये, कारण तर्रीचा रंग आणि मसाल्याचा स्वाद तिच्यातच आहे. मात्र बुडबुडे, फेस किंवा आंबूस वास आला तर वाटण उतरले आहे. असे मटण टाकूनच द्यावे.

सोलकढी आणि धोंडस कधी?

सोलकढी आदल्या दिवशी करू नये. नारळाचे कच्चे दूध उकळलेले नसते, त्यामुळे ते लवकर आंबते. शनिवारी दुपारी दोन नारळांचे खोबरे, चार-पाच लसूण पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या कोमट पाण्यात वाटून दूध काढावे. दोन-तीनदा पिळून सहा जणांना पुरेल इतके, साधारण लिटरभर दूध निघते. 15 ते 18 आमसुले वाटीभर कोमट पाण्यात वेगळी भिजवावीत. दोन्ही फ्रिजमध्ये ठेवून पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी एकत्र करावे. आगळ वापरले तर त्यात आधीच मीठ असते, म्हणून मीठ चव पाहूनच घालावे. थोडा वेळ ठेवल्यावर दाट दूध वर येते, तेव्हा वाढताना ढवळावे. सोलकढी गरम करू नये, ती फुटते. ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नये. स्टील किंवा काच बरी.

गोडासाठी धोंडस घेण्याचे कारण म्हणजे अनेक घरांत मटणानंतर दूध-दह्याचे पदार्थ चालत नाहीत. धोंडस काकडीचे असते आणि दोन दिवस चांगले राहते. दोन वाट्या किसलेली काकडी पाण्यासकट घेऊन त्यात वाटीभर गूळ विरघळवावा. दीड वाटी तुपात भाजलेला तांदळाचा रवा, अर्धी वाटी खोबरे, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून मिश्रण घट्ट होऊ द्यावे. जाड बुडाच्या भांड्यात झाकून मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये कडा सुटेपर्यंत भाजावे. सुरी खुपसल्यावर स्वच्छ निघाली की झाले. गुरुवारी रात्री करून फ्रिजमध्ये ठेवावे. वड्या पूर्ण गार झाल्यावरच पडतात. गरम असताना कापले तर भुगा होतो. शनिवारी संध्याकाळी सातला बाहेर काढावे.

एकूण चार नारळ लागतात : दीड वाटणाला, अर्धा धोंडसाला आणि दोन सोलकढीला. सोलकढीचे दोन शनिवारीच फोडावेत.

शनिवारी संध्याकाळचे वेळापत्रक कसे?

पाहुणे साडेसातला येणार आणि जेवण पावणेनऊला, असे धरू. सातपर्यंत पापड भाजून डब्यात भरावेत, कांदा चिरून गार पाण्यात ठेवावा, ताटे-वाट्या मांडाव्यात आणि सोलकढी एकत्र करावी. साडेसातला सोलकढीचे ग्लास घेऊन यजमान बाहेर बसतो.

आठ वाजता पहिल्यांदा आत जायचे. दोन्ही भांड्यांतले मटण एका पसरट पातेल्यात घेऊन मध्यम-मंद आचेवर ठेवायचे. अडीच वाट्या तांदूळ धुऊन 10 मिनिटे भिजत टाकायचे. रश्शाला कोलमसारखा मोकळा होणारा तांदूळ चांगला.

सव्वाआठला दुसरी फेरी. भाताचा कुकर दुसऱ्या शेगडीवर आणि उकडलेले बटाटे मटणात. डावाने ढवळू नये, फोडी तुटतात. पातेले धरून हलवावे. थंड जेलीकडे पाहून पाणी घालण्याची चूक येथेच होते. रस्सा तापल्यावर तो आपोआप सैल होतो. उकळी आल्यावरच दाटपणा आणि मीठ पाहावे आणि लागले तर गरम पाणी घालावे.

साडेआठच्या सुमारास तिसरी फेरी. भात उतरवून उसळ ठेवायची. मटणाला सर्व बाजूंनी खळखळ उकळी येऊन दोन-तीन मिनिटे झाली पाहिजेत. कडेला बुडबुडे आले म्हणजे मधले मटण तापले असे नाही. मधली एक जाड फोड काढून आतून गरम आहे का पाहावे. मग आच अगदी मंद करून झाकण ठेवावे. पाव शेवटची पाच मिनिटे कापडात गुंडाळून गरम भाताच्या कुकरच्या झाकणावर ठेवले तरी मऊ होतात.

या तीन फेऱ्या मिळून यजमानाची सुमारे 15 मिनिटे जातात. ‘आधीच गरम करून ठेवू’ म्हणून सहा-साडेसहालाच मटण तापवून गॅस बंद करणे मात्र टाळावे. वाढेपर्यंत ते पुन्हा कोमट होते, दुसऱ्यांदा तापवावे लागते आणि फोडी कोरड्या पडतात. मटण एकदाच, वाढण्याआधी तापवायचे.

उरलेल्याचे काय?

जेवणे झाल्यावर उरलेले मटण आणि उसळ गप्पा संपेपर्यंत ओट्यावर ठेवू नये. दोन तासांच्या आत ते उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये जावे. रविवारी सगळे पातेले पुन्हा तापवण्याऐवजी लागेल तेवढेच काढून खळखळ उकळावे आणि त्याच दिवशी संपवावे. उरलेली सोलकढी ठेवण्यात अर्थ नाही. ती त्याच रात्री संपवावी.